सकाळची गोळी, रात्रीचा पेग आणि मधले बारा तास

*मॅडम, दर हिवाळ्यात मला सर्दी-शिंकांचा त्रास होतो. गुरुवार सकाळपासून मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी दिवसातून तीनदा घेत होतो. शनिवारी मित्राच्या शेतावर हुरडा पार्टी होती, म्हणून सकाळी आठची गोळी घेतली आणि दुपारची मुद्दाम टाळली. रात्री आठला बसलो, दोनच पेग घेतले. एरवी तीन-चार सहज पचतात. साडेदहाला बाईकवर निघालो. झोप अजिबात आली नव्हती, तरी वळणावर गाडी सरळ उसात गेली. खरचटण्यावर निभावलं. बारा तासांचं अंतर कमी पडलं का? मग किती तास ठेवायचं? आणखी एक, वडील (वय ७१) खोकल्यासाठी रात्री सिरप घेतात आणि वर कोमट पाण्यातून ब्रँडी. ते चालतं का?*
*— एक वाचक, सांगली जिल्हा*

नमस्कार,

हो, बारा तास कमी पडले. आणि आधी एक विचारते, ती गोळी नेमकी कोणती होती ते तुम्हाला माहीत आहे का? बहुधा नसेल. मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहणारी बाई आहे, त्यामुळे हे कसं होतं ते रोज बघते. गिऱ्हाईक म्हणतं, "सर्दीची गोळी द्या, सहा." दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापतो आणि ज्या तुकड्यावर औषधाचं नाव, घटक आणि सूचना छापलेल्या असतात तो बरेचदा दुकानातच राहतो. हातात येतात त्या फक्त चकचकीत वेष्टनातल्या गोळ्या. त्यांनी झोप येते की नाही, त्यावर दारू चालते की नाही, हे वाचायला काही उरतच नाही.

आपल्याकडे सर्दीसाठी काउंटरवरून सर्रास दिल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्यांत तीन औषधं एकत्र असतात. अंगदुखी-तापासाठी पॅरासिटामॉल, नाक मोकळं व्हायला फेनिलेफ्रिन आणि वाहणारं नाक थांबवायला क्लोरफेनिरामाइन. बरेच जण याला सीपीएम म्हणतात. हे जुन्या पिढीतलं अँटीहिस्टामाइन. अशा गोळीत ते साधारण २ मिलिग्रॅम असतं, काहींत ४. आकडा इतका बारीक की त्याचं कुणाला भय वाटत नाही. पण तुमच्या त्या शनिवारच्या गणितात हाच सगळ्यात मोठा आकडा आहे.

कारण क्लोरफेनिरामाइन शरीरातून फार सावकाश जातं. प्रौढ माणसात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला ढोबळमानाने वीस तास लागतात. कुणात बारा-चौदा लागतील, कुणात तीसच्याही वर जातील. माणसामाणसांत फरक मोठा आहे. आपण वीसच धरू. म्हणजे आज सकाळी आठला घेतलेली गोळी उद्या पहाटे चारला अर्धी शिल्लक असते. तिचा परिणाम चार-सहा तासांत ओसरल्यासारखा वाटतो, नाक पुन्हा गळायला लागतं, म्हणून आपण दुसरी घेतो. आधीची मात्र अजून आतच असते.

आता तुमचे दिवस मांडू. गुरुवारी सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री दहा. शुक्रवारी तसंच. शनिवारी सकाळी आठची शेवटची. एकूण सात गोळ्या. शनिवारी रात्री आठ वाजता प्रत्येकीचं किती उरलं होतं ते बघा. सकाळच्या गोळीचं सुमारे दोन-तृतीयांश, शुक्रवारी रात्रीच्या गोळीचं जवळपास निम्मं, शुक्रवारी दुपारच्या गोळीचं एक-तृतीयांशाहून थोडं जास्त, शुक्रवार सकाळच्या गोळीचं पावभराच्या वर. गुरुवारच्या तिन्ही गोळ्यांचं मिळून आणखी अर्धं. बेरीज केली तर सव्वादोन गोळ्यांच्या आसपास भरते. दुपारची गोळी टाळून तुम्ही अंग मोकळं केलंय असं तुम्हाला वाटत होतं, पण पहिला पेग हातात घेतला तेव्हा नुकत्याच दोन गोळ्या एकदम घ्याव्यात तेवढं औषध तुमच्या शरीरात फिरत होतं.

म्हणून मला "किती तासांचं अंतर" हा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो असं वाटतं. आपण अंतर मोजतो शेवटच्या गोळीपासून, आणि औषध साठत आलेलं असतं पहिल्या गोळीपासून. एकच गोळी घेऊन थांबलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, तीन दिवस घेतलेल्याची वेगळी.

आता दारूचं बघू. शेतावर मापाचा ग्लास नसतो, पेग अंदाजाने ओततात, त्यामुळे तुमचे दोन लार्ज पेग होते असंच धरते. ६० मिलिलिटरचे दोन म्हणजे १२० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर साधारण ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे ४० ग्रॅम. पाणी घातल्याने ते कमी होत नाही, फक्त ग्लास मोठा दिसतो. (स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली, ८ टक्क्यांची असेल तर, तीही तेवढीच पडते. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.) सत्तर किलोच्या पुरुषाने आठला सुरू केलं, तर साडेदहाला त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ४५ मिलिग्रॅम अल्कोहोल असू शकतं. पोटात किती अन्न होतं त्यावर थोडं इकडेतिकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० आहे. म्हणजे गोळीचा विषय बाजूला ठेवला तरी तुम्ही बाईकवर बसायला नको होतं. हे आधी सांगून टाकते, कारण सगळं खापर गोळीवर फोडणं सोपं आहे.

पण ४५ वर अनुभवी माणूस सहसा सरळ उसात जात नाही. तिथे गोळी येते.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो हिस्टामाइन सोडतो आणि सगळ्या मेंदूला जागं ठेवतो. ज्या हिस्टामाइनमुळे शिंका येतात, डोळे चुरचुरतात, तेच इथे जागेपणाचं काम करतं. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, फेनिरामाइन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन ही जुनी औषधं रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि ते हिस्टामाइन अडवतात. दारूची वाट निराळी आहे. ती मेंदूतली शांत करणारी यंत्रणा जोरात चालवते आणि उत्तेजित करणारी दाबते. एक जागेपण काढून घेतं, दुसरं गुंगी वाढवतं. दोन्ही वेगवेगळ्या दारांनी आत येतात, म्हणून एकाची सवय दुसऱ्याच्या कामी येत नाही. "एरवी तीन-चार पचतात" याचा अर्थ तुमचा मेंदू दारूला सरावलाय एवढाच. क्लोरफेनिरामाइनला तो सरावलेला नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य: झोप अजिबात आली नव्हती. मला ते खरं वाटतं आणि म्हणूनच काळजी वाटते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ॲलर्जीचा त्रास असलेल्या ४० जणांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं काही दिलं. कधी डायफेनहायड्रामाइनची ५० मिलिग्रॅमची मात्रा, कधी फेक्सोफेनाडिन, कधी नुसती खोटी गोळी, आणि कधी रक्तात सुमारे १०० मिलिग्रॅम पातळी येईल एवढी दारू, म्हणजे आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. पुढच्या गाडीच्या वेगाशी जुळवून गाडी चालवायची होती. त्यात सगळ्यात वाईट कामगिरी दारूवाल्या दिवशी नव्हे, डायफेनहायड्रामाइनच्या दिवशी झाली. आणि लोकांनी स्वतः सांगितलेली झोप आणि त्यांनी प्रत्यक्षात केलेल्या चुका यांचा मेळ नीट बसत नव्हता. ज्याला झोप वाटत नव्हती, त्याचंही चुकत होतं. आणि हे दारूशिवायचं. दोन्ही एकत्र करून गाडीवर बसणं म्हणजे काय, ते तुम्ही अनुभवलंय.

सावधपणा कमी होतो तो पापण्या जड होण्याच्या आधीच. ब्रेक लावायला एरवीपेक्षा थोडा उशीर होतो. वळण दिसतं, पण हँडल वळवायची आज्ञा मागाहून निघते. नजर एका जागी खिळते, बाजूचा खांब किंवा बांध ध्यानात येत नाही. बाईकवर थंड वारा तोंडावर लागत असतो, त्यामुळे माणसाला आपण ताजेतवाने आहोत असंच वाटतं. रस्त्यावर कुणी फुंकायला लावलं असतं, तरी त्या यंत्राने फक्त अल्कोहोल मोजलं असतं. क्लोरफेनिरामाइन त्यात दिसत नाही. एकच पेग घेतलेल्या माणसाचा आकडा ३० च्या आत येईल आणि पोलीस सोडूनही देतील, तरी गोळी पोटात असेल तर तो ठीक आहे असं त्या आकड्यावरून कळत नाही. गंमत म्हणजे कायद्याला हे माहीत आहे. त्याच कलम १८५ मध्ये, औषधाच्या अमलामुळे वाहनावर ताबा ठेवता येत नाही अशा अवस्थेत गाडी चालवणं हाही गुन्हा म्हटलाय.

मग किती थांबायचं? सलग दोन-तीन दिवस क्लोरफेनिरामाइनवाली गोळी घेतली असेल, तर शेवटच्या गोळीनंतर पूर्ण तीन दिवस दारू नको. एखादीच घेतली असेल तर दोन दिवस. गोळी चालू असताना तर एक घोटही नको, आणि "गोळी नंतर घेतो, आधी पेग" हा उलटा हिशेबही नको, कारण शरीर तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल संपवतं. तुमचे चाळीस ग्रॅम जायला चार ते सहा तास लागतात. झोपताना गोळी घेतली तर दोन्ही एकत्र येणार, तेही नेमके तुम्ही झोपेत असताना. शिवाय रविवारी सकाळी डोकं ठणकतंय म्हणून तीच सर्दीची गोळी पुन्हा घेऊ नका. तिच्यातलं पॅरासिटामॉल, रोज पिणाऱ्या माणसाच्या यकृताला ठरलेल्या मात्रेच्या आसपासही जड जाऊ शकतं.

सगळ्या ॲलर्जीच्या गोळ्या सारख्या नसतात, हेही सांगायला हवं, नाहीतर मी उगीच सगळ्यांना एका दावणीला बांधल्यासारखं होईल. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन (आपल्याकडे माँटेलुकास्टबरोबरची रात्रीची गोळी असते ती) नव्या पिढीतल्या, मेंदूत बऱ्याच कमी शिरतात. पण अजिबात शिरत नाहीत असं नाही, आणि काही लोकांना त्यांनी स्पष्ट झोप येते. त्या निम्म्यावर यायला साधारण आठ तास लागतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त. त्यांच्याबरोबरही मी दारूला नाहीच म्हणेन. एका गोळीनंतर निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिन मेंदूत जवळजवळ पोचतच नाहीत, आणि दारूबरोबर केलेल्या चाचण्यांत नेहमीच्या मात्रेत त्यांनी गुंगीत भर घातलेली दिसली नाही. ज्याला रोज गाडी चालवायचीय, त्याने डॉक्टरांना याच दोघांबद्दल विचारावं. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर नको, पाण्याबरोबर घ्यायची; रसामुळे ती नीट शोषली जात नाही. बिलास्टिन उपाशीपोटी.

पण तुम्हाला गोळी हवी होती का, हेच आधी बघायला हवं. दर हिवाळ्यात नेमाने शिंका, नाक-डोळ्यांना खाज, ताप नाही, घसा दुखत नाही, असं असेल तर ती बहुधा ॲलर्जी आहे आणि तिच्यासाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांनी सुरू करून दिला तर जास्त उपयोगी पडतो. तो रोज मारायचा, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात, आणि त्याने झोप येत नाही. नुसती साथीची सर्दी असेल, तर तिथे हिस्टामाइनचा वाटा थोडाच. जुनी गोळी नाक थांबवते ती बरीचशी सगळे स्राव सुकवून, म्हणून तर तोंडाला कोरड पडते. नवी बिनझोपेची गोळी अशा सर्दीवर फारशी चालतही नाही. त्यापेक्षा ताप-अंगदुखीपुरतं साधं पॅरासिटामॉल आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, एवढ्यावर आठवडा निघतो. आणि दारूने नाक उघडत नाही, उलट नाकातल्या रक्तवाहिन्या फुगून ते आणखी चोंदतं. शनिवारी रात्री पेग पिऊन तुमचं नाक बंद झालं असेल, तर ते त्यामुळेच.

आता वडिलांविषयी, कारण तुमच्या अपघातापेक्षा मला त्यांची जास्त चिंता वाटते.

सर्दी-खोकल्याला ब्रँडी हे आपल्या घराघरांतलं जुनं औषध आहे, आणि एरवी दारूचं नाव न काढणाऱ्या घरातही ती कपाटात असते. ब्रँडीने अंगात ऊब येते असं वाटतं, ते खरं तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरल्यामुळे. आतली उष्णता बाहेर येते, त्वचेला गरम वाटतं, शरीर प्रत्यक्षात थंड होतं. खोकला काही जात नाही. रात्री घोरणं मात्र वाढतं, कारण घशाचे स्नायू सैल पडतात.

सिरप कोणतं आहे ते बाटलीवर बघा. सोयीची गोष्ट म्हणजे बाटली कापून देत नाहीत, लेबल अख्खं असतं. डायफेनहायड्रामाइन असेल तर ५ मिलिलिटरमध्ये साधारण १४ मिलिग्रॅम असतं. वडील १० मिलिलिटर घेत असतील तर २८ मिलिग्रॅम झालं, आणि झाकण मापाच्या रेघेपर्यंत भरताहेत की काठोकाठ, ते एकदा शेजारी उभं राहून बघा. म्हाताऱ्या माणसात हे औषध तरुणापेक्षा जास्त वेळ राहतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्लोरफेनिरामाइन एकत्र असलेलं सिरप असेल, तरी गुंगीचा धोका तोच. कोडीन असेल तर मात्र ब्रँडी आजच, आत्ता बंद करा. कोडीन अफूच्या कुळातलं, आणि दारूबरोबर ते श्वास मंदावतं.

पहिला धोका मध्यरात्री लघवीला उठताना. खाटेवरून उतरलं की गुंगी असते, तोल सावरायला वेळ लागतो, रक्तदाब उभं राहताना खाली येतो, आणि मोरीच्या उंबरठ्यापाशी माणूस पडतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर त्यातून उठणं किती अवघड असतं ते तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहिलंच असेल. दुसरा धोका घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. हीच जुनी औषधं मूत्राशयही सुस्त करतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषाला अशा सिरपनंतर लघवी तुंबू शकते. बरेच म्हातारे लाजेने बोलत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारा: धार बारीक झालीय का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. आणि सिरप सुरू झाल्यापासून सकाळी असंबद्ध बोलत असतील, आज वार कोणता ते विसरत असतील, तर ते वयामुळेच आहे असं समजून सोडून देऊ नका.

दोन्ही घेऊन कुणी झोपलं असेल तेव्हा घरच्यांनी काय बघायचं, तेही सांगते. हाक मारून, खांदा हलवून नीट उठत नाही. घोरणं नेहमीचं नसून घशात पाणी घोळल्यासारखं येतंय. श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेलेत (घड्याळ लावून मोजा, निरोगी प्रौढ माणसाचे बारा ते वीस असतात). ओठ निळसर दिसताहेत. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन. तोवर त्यांना कुशीवर वळवा, कारण उताणं असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी यातलं काही करू नका. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या तोंडात काही घालणं धोक्याचं. आणि "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणून खोलीचं दार ओढून घेऊ नका. सिरप शेवटचं किती वाजता घेतलं ते कागदावर लिहा आणि बाटली रुग्णालयात बरोबर न्या; डॉक्टरांना तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

एरवी, वडिलांचा खोकला तीन आठवड्यांवर गेला असेल, कफात रक्त असेल, वजन घटत असेल किंवा धाप लागत असेल, तर सिरप बदलत बसू नका, छातीची तपासणी करून घ्या. रक्तदाबासाठी ते एखादी गोळी घेत असतील तर तीही डॉक्टरांना दाखवा. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, आणि तो कुठल्याच सिरपने किंवा ब्रँडीने थांबत नाही.

आणि पुढच्या वेळी मेडिकलवर गेलात की सहाऐवजी दहा गोळ्यांची अख्खी स्ट्रिप मागा. चार जास्तीच्या गोळ्यांचे पैसे जातील. पण मागची छपाई घरी येईल, आणि कुठल्या गोळीच्या वेळी हुरड्याला नुसता हुरडाच खायचा ते तुम्हालाच वाचता येईल.